युनियन आणि मॅनेजमेंटच्या बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकून सारांश काढताना

आमच्या सोयाबीन सॉल्व्हंट प्लांटमधला वेतनकरार सप्टेंबर २०२४ मध्ये झाला. त्याआधी युनियन आणि मॅनेजमेंटच्या पाच बैठका झाल्या आणि त्या पाचही रेकॉर्ड केल्या होत्या. ते सगळं ऐकून कोणी काय देऊ केलं, समोरच्यानं त्यावर काय मागितलं आणि शेवटी कोणी काय सोडलं, हे लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी प्लांटच्या लॅबमध्ये आहे, तेलाचे आणि ढेपेचे नमुने तपासते आणि युनियनच्या कमिटीवर आहे. हे काम कसं करतात हे सांगणारं कोणी जवळपास नव्हतं, म्हणून जसं घडलं तसं इथे मांडते आहे. प्लांटचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेरचा प्लांट आहे, एवढं पुरे.

जुना करार ३१ मार्च २०२४ ला संपला. युनियननं रीतसर नोटीस देऊन मागणीपत्र दिलं होतं. त्यात महिन्याला ६,००० रुपये वाढ, कराराची मुदत तीन वर्षं, १ एप्रिलपासूनचा फरक, रात्रपाळीचा भत्ता आणि बॉयलरवरच्या ठेकेदारी कामगारांना कायम करणं, या मुख्य मागण्या होत्या. लोकसभेची निवडणूक आटोपली आणि पहिली बैठक १२ जूनला बसली. पुढच्या २६ जून, १० जुलै, ७ ऑगस्ट आणि ४ सप्टेंबरला झाल्या. ऑक्टोबरात नवं सोयाबीन यायला लागलं की प्लांट रात्रंदिवस चालतो, त्यामुळे त्याआधी निकाल लागावा असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं.

रेकॉर्डिंगची कल्पना आमच्या अध्यक्षांची. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. मागच्या करारावेळी "असं बोललोच नव्हतो" यावरून बरेच आठवडे वाया गेले होते, म्हणून यावेळी पहिल्याच बैठकीत त्यांनी दोन फोन टेबलावर ठेवायला लावले, एक आमचा आणि एक एचआर साहेबांचा. दोन्ही बाजूंची संमती सुरुवातीलाच बोलून घेतली, त्यामुळे ती रेकॉर्डिंगमध्येच आहे. बैठक संपली की फाइल लगेच एकमेकांना द्यायची, हेही ठरलं. तुमच्याकडे असं होणार असेल तर आणखी एक गोष्ट करून घ्या. सुरुवातीला प्रत्येकानं आपलं नाव आणि हुद्दा स्वतःच्या आवाजात सांगायचा. मागे पंख्याची घरघर, बाहेर ट्रकचे हॉर्न आणि टेबलाशी दहा जण. दोन महिन्यांनी कानात इअरफोन घालून बसलं की नुसत्या "हो" वरून माणूस ओळखणं अवघड जातं. सुरुवातीची ती ओळख मी प्रत्येक वेळी परत ऐकायची.

चहाच्या सुट्टीत किंवा एखादी बाजू आपसात बोलायला बाहेर गेली की फोन बंद करायचे, असंही ठरलं होतं. तरी १० जुलैला आम्ही बाहेर असताना एक फोन चालूच राहिला आणि मॅनेजमेंटचं आपसातलं काही मिनिटांचं बोलणं त्यात आलं. मी ते कळल्याबरोबर थांबवलं आणि भाऊंना सांगितलं. त्यांनी एचआर साहेबांना फोन केला आणि तेवढा भाग दोन्ही प्रतींतून काढला. आमच्यातल्या काहींना हे पटलं नाही. पण खासगीत बोललेलं टेबलावरचं म्हणून लिहिलं, तर उद्या आपलंही कोणी तसंच लिहील, हे भाऊंचं म्हणणं मला तेव्हाही बरोबर वाटलं आणि आजही वाटतं.

काम हातात आलं ते ७ ऑगस्टच्या बैठकीनंतर, आणि त्यालाही कारण घडलं होतं. त्या दिवशी मॅनेजमेंटनं तीन वर्षांसाठी २,४०० रुपयांचा आकडा ठेवला आणि आमची माणसं उसळली. कारण १० जुलैपासून गेटवर सगळीकडे एकच बोललं जात होतं, की ३,२०० मंजूर झाले. गोडाऊनमधले एक काका मला म्हणाले, "ताई, ३,२०० त देलेच होते ना त्याईनं! आता काऊन मांगं येऊ राह्यले?" मॅनेजमेंट शब्दाला जागत नाही म्हणून गेट मीटिंगमध्ये काम बंदची भाषा सुरू झाली. तेव्हा भाऊंनी सांगितलं, आधी रेकॉर्डिंग ऐका, नेमकं काय बोललं गेलं ते कागदावर आणा, मग पाहू.

तोवरचं रेकॉर्डिंग साडेआठ तासांच्या आसपास होतं. पहिल्यांदा मी ते कुठेही न थांबता ऐकलं आणि वहीत फक्त वेळ आणि विषय टिपला: इतक्या मिनिटाला पगार, इतक्याला रात्रपाळी, इतक्याला पुन्हा पगार. ही पायरी गाळू नका. बैठकीत माणसं एका विषयावर सलग बोलत नाहीत. पगाराचा आकडा निघतो, मग कोणीतरी कॅन्टीनचं काढतं, अर्ध्या तासानं पगाराचा धागा परत निघतो आणि मधल्या वेळात आकडा बदललेला असतो. आधी सगळा रस्ता माहीत असला की कोणता आकडा कोणत्या आकड्याचं उत्तर आहे ते कळतं.

मग लिहायला बसले. लॅबमधून सुटल्यावर, घरी, संगणकावर व्हीएलसीमध्ये फाइल लावून. एका तासाच्या बोलण्याला चार तास तरी जायचे आणि मध्ये लाइट गेली की त्याहून जास्त. तक्त्याला चार रकाने केले: वेळ, कोण बोललं, शब्द जसेच्या तसे आणि प्रकार. पहिले तीन सोपे आहेत. सगळी मेहनत चौथ्या रकान्यात आहे, कारण टेबलावर उच्चारलेला प्रत्येक आकडा प्रस्ताव नसतो.

मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली. बोलणाऱ्याला ते बोलायचा अधिकार असेल, बोलणं नेमकं असेल आणि समोरच्यानं हो म्हटलं तर तिथेच ठरलं असं त्यातून निघत असेल, तर तो प्रस्ताव. समोरच्यानं हो न म्हणता आपला वेगळा आकडा ठेवला, तर तो प्रतिप्रस्ताव. "समजा", "पाहू", "आसपास", "वर विचारावं लागेल" असे शब्द असले की ती चाचपणी. १२ जूनला जनरल मॅनेजर म्हणाले, "गेल्या वेळच्या आसपास पाहू." गेल्या वेळी २,४०० मिळाले होते, म्हणून आमच्या सचिवांच्या वहीत त्या तारखेला "२,४०० देऊ केले" असं लिहिलेलं होतं. रेकॉर्डिंगप्रमाणे त्या दिवशी एकही प्रस्ताव आला नव्हता. मी तिथे "चाचपणी" लिहिलं. गप्प बसणं म्हणजे मान्यता असंही मी कुठे धरलं नाही. भाऊंनी एखादी गोष्ट मांडली आणि समोरून कोणी काहीच बोललं नाही, तर तक्त्यात "उत्तर नाही" एवढंच लिहिलं.

आता ते ३,२००. रेकॉर्डिंगमधली ओळ मी कितीतरी वेळा मागे नेऊन ऐकली आणि तक्त्यात अशी लिहिली:

१० जुलै, १ तास १२ मिनिटं. जनरल मॅनेजर: "तुम्ही मुदत चार वर्षांची मानत असाल, तर मी ३,२०० पर्यंत जातो, बोर्डाची मंजुरी मिळाली तर." प्रकार: शर्तीचा प्रस्ताव. शर्ती दोन: मुदत चार वर्षं आणि बोर्डाची मंजुरी.

त्याच्या पुढच्याच मिनिटाला भाऊ म्हणतात, "चार वर्षं जमणार नाही. तीन वर्षं आणि ४,८००." हा प्रतिप्रस्ताव. म्हणजे शर्त आम्हीच नाकारली होती, आणि शर्त गेली की तिला बांधलेला आकडाही गेला. बैठकीतून बाहेर पडताना मात्र लोकांनी आकडा उचलला आणि शर्त टेबलावरच राहिली. ७ ऑगस्टचे २,४०० हे तीन वर्षांसाठी होते. ३,२०० ला चारनं भागा किंवा २,४०० ला तीननं, वर्षाला ८०० रुपयेच येतात. मॅनेजमेंट मागे आलं नव्हतं. त्या आकड्यापर्यंत जागचं हललंही नव्हतं, आणि आमची खरी तक्रार ही असायला हवी होती.

हे आपल्याच कमिटीसमोर मांडायला मला जड गेलं. दोन-तीन जणांनी तोंडावर विचारलं, "तू आपल्या बाजूनं हायेस का सायबाच्या?" मी तो तुकडा मोबाइलवर लावला, सगळ्यांना ऐकवला आणि भागाकार फळ्यावर करून दाखवला. शब्द फिरवल्याचा आरोप त्या दिवशीच मागे पडला. त्या जागी नवा मुद्दा आला: वर्षाच्या हिशोबानं पुढे या. पुढच्या बैठकीत भाऊंनी पहिलंच वाक्य हे टाकलं. तेव्हापासून माझ्या तक्त्यात प्रत्येक आकड्यासमोर त्याची शर्त आणि मुदत त्याच ओळीत असते, वेगळ्या रकान्यात नाही. वेगळ्या रकान्यात ठेवली की नक्कल करताना ती गळते.

असाच दुसरा घोळ ७ ऑगस्टच्याच बैठकीच्या शेवटी झाला होता. मॅनेजमेंट २,४०० वरून ३,००० वर आलं, मुदत तीन वर्षं, पण नागपूरहून आलेले त्यांचे सल्लागार म्हणाले, "सगळं धरून." आमच्याकडच्यांनी ऐकलं ३,०००. सगळं धरून म्हणजे कंपनीला पडणारा खर्च ३,०००, पगारचिठ्ठीतली वाढ नव्हे. आमच्याकडे पीएफ पूर्ण बेसिकवर भरला जातो, आणि वाढीतला ६० टक्के भाग बेसिकमध्ये टाकायचं बोलणं चालू होतं. त्या भागावर कंपनीचा पीएफ १२ टक्के आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि महिना सव्वीस दिवसांचा धरून निघते, त्यावरून हा टक्का येतो. हे सगळं ३,००० मधूनच काढायचं म्हटलं, तर पगारचिठ्ठीत साधारण २,७२५ रुपयांचीच वाढ दिसते. माणशी महिन्याला पावणेतीनशेचा फरक फक्त दोन शब्दांमुळे पडतो. मॅनेजमेंटनं काही लपवलं होतं असं नाही, शब्द रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ आहेत. त्यामुळे मी तक्त्यात आकड्यापुढे "कंपनीचा खर्च" किंवा "पगारचिठ्ठी" असं लिहायला लागले आणि दोन्ही बाजूंचे आकडे एकाच मापात आणूनच शेजारी ठेवले. तसं केलं नाही तर दोघांतलं अंतर खोटंच कमी दिसतं.

पोळा २ सप्टेंबरला होता. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि ४ तारखेला शेवटची बैठक. ती सकाळी अकराला बसली आणि मध्ये थांबत थांबत संध्याकाळपर्यंत चालली. भाऊंनी सुरुवातीलाच प्रस्ताव पगारचिठ्ठीच्या भाषेत मागितला आणि तासाभरात मॅनेजमेंटनं ते मानलं. पुढे आकडे असे सरकले: आमचे ४,२००, त्यांचे ३,३००, आमचे ३,८००, आणि शेवटी ३,६०० वर दोघं थांबले. मुदत तीन वर्षं, वाढ १,६०० आणि मग दोन वेळा १,०००. सगळं आमसभेच्या आणि बोर्डाच्या मंजुरीच्या अधीन. ही शर्तही मी तक्त्यात शेवटपर्यंत ठेवली.

यानंतर "कोणी काय सोडलं" हा भाग लिहायचा होता. इथे वजाबाकी करून मोकळं व्हायचा मोह होतो: युनियननं ६,००० मागितले आणि ३,६०० वर आली, म्हणजे २,४०० सोडले. मी तसं लिहिलं नाही. मागणीपत्रातला पहिला आकडा चढाच असतो आणि मॅनेजमेंटचा पहिला आकडा उतरलेला, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यामुळे आकड्यांचा प्रवास तारखेनिशी दिला, पण "सोडलं" हा शब्द दोनच ठिकाणी वापरला: जिथे एखादी बाजू स्पष्टपणे म्हणाली की आता हा आग्रह धरत नाही, किंवा जिथे एकानं एक दिलं म्हणून दुसऱ्यानं दुसरं दिलं.

दुसऱ्या प्रकारातल्या गोष्टी जोडीनंच लिहाव्या लागतात. रात्रपाळीचा भत्ता २५ वरून ४५ रुपये झाला. एकटं वाचलं तर हे मॅनेजमेंटचं देणं वाटतं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र एचआर साहेब म्हणतात, "सीझनमध्ये साप्ताहिक सुट्टी आळीपाळीनं घ्यायला तयार असाल, तर ४५ करू," आणि भाऊ म्हणतात, "ऑक्टोबर ते फेब्रुवारी, त्यापुढे नाही. मान्य." म्हणून तक्त्यात ती एकच ओळ आहे, दोन्हीकडचं त्यात आहे आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी ही मर्यादाही आहे. फरकाचंही तसंच. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिन्यांचे दरमहा १,६०० प्रमाणे ९,६०० रुपये होतात. मॅनेजमेंटनं मागच्या तारखेपासून देणं मानलं, आम्ही ते एकदम न घेता निम्मे दिवाळीआधी आणि निम्मे जानेवारीत घ्यायचं मानलं.

सगळ्यात जास्त ताण आला तो ठेकेदारी कामगारांच्या मुद्द्यावर. मॅनेजमेंटनं कराराचा कच्चा मसुदा पाठवला त्यात होतं: "मागणी युनियनने मागे घेतली." माझ्या तक्त्यात भाऊंचे शब्द होते: "हा विषय आज बाजूला ठेवू, पगाराचं आधी होऊ द्या." मागे घेणं आणि बाजूला ठेवणं यात केवढा फरक आहे ते मसुद्याच्या शेवटच्या परिच्छेदावरून कळलं. बहुतेक करारांत असतो तसा त्यातही एक परिच्छेद होता, की मागणीपत्रातल्या बाकीच्या सगळ्या मागण्या या करारानं निकाली निघाल्या. म्हणजे बाजूला ठेवलेला मुद्दा करारात वेगळा लिहिला नसेल, तर कराराच्या मुदतीत तो पुन्हा काढता येत नाही, बैठकीत तुम्ही काहीही म्हटलेलं असो. बॉयलरवरची ती माणसं रोज आमच्यासोबत डबा खातात. त्यांचा विषय एका ओळीत संपून जावा हे मला सहन होणारं नव्हतं.

मी आणि सचिव एचआर साहेबांकडे गेलो. वाद घातला नाही. तक्त्यातली वेळ दाखवली, त्यांच्याच फोनमधली फाइल त्यांना त्या मिनिटावर लावायला सांगितली. त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "'आज' असं म्हटलंय खरं." मसुद्यात वेगळा परिच्छेद आला, की हा मुद्दा प्रलंबित असून त्यावर दोन्ही पक्ष स्वतंत्रपणे चर्चा करतील. यातून कोणी कायम झालं नाही, पण दार उघडं राहिलं. इथे वेळ आणि शब्द जसेच्या तसे नसते, फक्त माझा सारांश असता, तर त्यांचं वाक्य विरुद्ध माझं वाक्य असंच झालं असतं.

शेवटी हातात आलं ते असं: बैठकवार लांब तक्ता आणि त्यावरून काढलेली दोन पानं. त्या दोन पानांत मुद्द्यानुसार मांडणी होती. पहिली मागणी, पहिला प्रस्ताव, मधले टप्पे, शेवटची स्थिती, शर्त, आणि समोर मान्य, मागे घेतलं, प्रलंबित यांपैकी एक शब्द. आमसभेआधी ती पानं मी मॅनेजमेंटलाही वाचायला दिली आणि त्यांच्या दोन दुरुस्त्या रेकॉर्डिंगशी ताडून घेतल्या. एक बरोबर होती, ती केली. दुसरी रेकॉर्डिंगमध्ये नव्हती, ती केली नाही आणि तसं त्यांना लिहून कळवलं. आमसभेत फक्त ही दोन पानं वाचली. मोठा तक्ता कोणाला हवा तर ऑफिसात बघायला ठेवला होता आणि बरेच जण येऊन ३,२०० वाली ओळ स्वतः वाचून गेले.

खर्च फारसा नव्हता. बरा इअरफोन साडेतीनशेचा, दोन पेन ड्राइव्ह आणि झेरॉक्स, सगळं मिळून हजाराच्या थोडं वर, तो युनियननं दिला. साधा इअरफोन घेऊ नका. पंख्याच्या आवाजात "तेराशे" आणि "तेवीसशे" सारखेच ऐकू येतात. शंका असेल तिथे दुसऱ्या फोनची फाइल लावून बघायची, कारण तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असतो. त्यातही कळलं नाही तर "अस्पष्ट" लिहायचं, अंदाज लिहायचा नाही.

करारावर २५ सप्टेंबरला सरकारी कामगार अधिकाऱ्यांसमोर सह्या झाल्या. आपसातच सह्या करून भागलं असतं, पण औद्योगिक विवाद कायदा १९४७ प्रमाणे आपसातला करार कलम १८(१) खाली येतो आणि सह्या करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर कलम १२(३) खाली झालेला करार १८(३) मुळे प्लांटमधल्या सगळ्या कामगारांना लागू होतो. आमच्याकडे युनियनमध्ये नसलेलेही बरेच आहेत, म्हणून दुसरी वाट धरली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, तेव्हा आता करार करणाऱ्यांनी कलमं नव्यानं बघून घ्यावीत. अधिकाऱ्यांनी फक्त करार घेतला. सारांश त्यांच्या कामाचा नव्हता, आणि करारापुढे त्याला कायद्यात वजन नाही हेही त्यांनी सांगितलं.

फरकाचा पहिला हप्ता दिवाळीआधी खात्यात आला. रेकॉर्डिंग, मोठा तक्ता आणि ती दोन पानं यांची एक प्रत युनियनच्या कपाटात आणि एक एचआरकडे, दोन्हींवर दोघांच्या सह्या घेऊन, करार संपेपर्यंत म्हणजे ३१ मार्च २०२७ पर्यंत ठेवायची असं ठरलं आहे. ठेकेदारी कामगारांच्या चर्चेची पहिली तारीख मागणारं पत्र आम्ही जानेवारीत दिलं आणि त्याला ४ सप्टेंबरच्या तक्त्यातली ती ओळ जोडली.